नंबर टाकायचा राहिला

आमच्या नानांकडे औषधांचा डबा नाही, दप्तर आहे. पत्र्याचे दोन चौकोनी डबे. एकाच्या झाकणावर पांढरी पट्टी चिकटवून निळ्या शाईने 'औषधी (चालू)' असं लिहिलेलं, दुसऱ्यावर 'औषधी (जीर्ण)'. जीर्ण डब्यात मुदत संपलेल्या गोळ्या असतात. त्या फेकायच्या नसतात, कारण निर्लेखनाशिवाय सरकारी वस्तू फेकता येत नाही. चालू डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या, तारखेप्रमाणे लावून टाचलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एक छोटी कात्री, आणि सगळ्यांच्या वर एक लांबट रजिस्टर. त्यात पट्टीने आखलेले रकाने: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, गोळीचे नाव, शेरा. नाना अंबाजोगाईत एका महाविद्यालयात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण आवक-जावक काही सुटलेली नाही. पोस्टमनकडूनसुद्धा ते पत्र घेतात ते आधी मागून-पुढून बघून, आणि मग म्हणतात, "ठीक आहे, स्वीकारलं."

असा माणूस तुमच्याही घरात असणार. कुणाचे अण्णा, कुणाचे भाऊ, कुणाचे सासरे. रोज घ्यायची गोळी हे लोक मनाला येईल तेव्हा घेतात आणि मनाला येईल तेव्हा घ्यायची गोळी घड्याळ लावून घेतात. विचारलं तर त्यांच्याजवळ उत्तर तयार असतं, आणि ते उत्तर ऐकायला इतकं रास्त वाटतं की आपलीच चूक झाली असं वाटायला लागतं.

नानांच्या चिठ्ठीवर मुख्य ओळी दोनच. पहिली ॲम्लोडिपिन 5, बीपीची, आणि तिच्यापुढे 1-0-0. म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री काही नाही. दुसरी पॅरासिटामॉल 650, गुडघ्यासाठी, आणि तिच्यापुढे नुसती तीन अक्षरं, पीआरएन.

झालं ते या तीन अक्षरांनी. आमच्याकडची महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठाचा परीक्षा अर्ज म्हटला की पीआरएन आलाच, म्हणजे पर्मनंट रजिस्ट्रेशन नंबर. नानांची अर्धी नोकरी पोरांना "अगोदर पीआरएन आण, मग बोल" असं सांगण्यात गेलेली. चिठ्ठी हातात पडल्यावर ते दवाखान्यातून घरी आले, चष्मा पुसला, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि मला फोन लावला.

"लेका, डॉक्टर चांगलाय, पण घाईचा दिसतोय. पीआरएन लिहिलाय आन् नंबर टाकायचाच राहिलाय."

मी म्हणालो, "नाना, चिठ्ठीवर नंबर नसतो."

"कामून नसतो? गोळीपुढं पीआरएन लिहिलाय. बिननंबराचा अर्ज आम्ही टेबलावर ठेवून घेत नव्हतो."

मग मी फोनवरच खुलासा केला. ते लॅटिनमधल्या 'प्रो रे नाटा'चं लघुरूप आहे, अर्थ एवढाच की गरज पडेल तेव्हा. आपल्याकडचे डॉक्टर त्याच अर्थानं बहुधा एसओएस लिहितात. तेही लॅटिनच, बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्याचा संबंध नाही. जुने लोक त्यातही फरक करायचे: एसओएस म्हणजे गरज पडली तर एकदा, पीआरएन म्हणजे गरज पडेल तितक्यांदा, सांगितलेल्या मर्यादेत. आता दोन्ही एकाच अर्थानं चालतात. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे नंबर राहिलाच."

मी हसलो आणि फोन ठेवला. हसायला नको होतं, पण ते पुढे कळलं.

नानांची कार्यपद्धती अशी. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ हे गुडघ्याच्या गोळीचे टाइम. भिंतीवरच्या घड्याळाखाली ते उभे राहतात, तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात तांब्या. आठाचा टोला पडला की गोळी आत. गुडघा दुखत असो-नसो. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, आज तर तुम्ही जिना चढून वर गेलात, दुखत नव्हतं ना?" नाना म्हणाले, "दुखत न्हाई ते गोळीनंच. उद्या बंद केली आन् दुखलं, तर जबाबदार कोण?" काकूंकडे याचं उत्तर नव्हतं. तसं ते कुणाकडेच नाही, कारण दुखेल की नाही हे बघायचं असेल तर गोळी न घेताच बघावं लागतं.

बीपीच्या गोळीचं मात्र उलट. ती पट्टी महिन्यात जेमतेम अर्धी संपते. रजिस्टरात तिच्या नोंदी शोधाव्या लागतात. "दि. 4, स. 11, डोके जड, 1 घेतली." "दि. 9, मुलाशी बोलणे झाल्यावर, 1 घेतली." मधले दिवस कोरे. मी विचारलं तेव्हा त्यांनी तत्त्व सांगितलं. "हे बघ, तक्रार आली की कार्यवाही. अर्जच न्हाई तर मंजुरी कशाची करायलास? डोकं दुखंना, चक्कर येईना, छातीत धडधड न्हाई. कामून घ्यायची गोळी? उगं शरीराला सवय लागती."

'शरीराला सवय लागती' हे वाक्य मराठवाड्यात कुणाला पाठ नाही? गंमत अशी की ते नेहमी रोजच्या गोळीबद्दल म्हटलं जातं. दिवसातून तीनदा घेतलेल्या दुखण्याच्या गोळीची कुणाला सवय लागत नाही.

इथे नानांची बाजू मांडायला हवी, कारण त्यांच्या तर्कात एकच विटकर सरकलेली आहे, बाकीची भिंत सरळ आहे. तक्रार आल्यावर कार्यवाही ही पीआरएनची व्याख्या अगदी बरोबर आहे. दुखलं तर गोळी, ताप चढला तर गोळी, मळमळ झाली तर गोळी. तक्रार माणसाला स्वतःला कळते, गोळी तासाभरात काम करते, आणि तक्रार गेली की काम संपलं. या तीन गोष्टी जिथे जमतात तिथेच डॉक्टर पीआरएन लिहितात. रक्तदाब यातलं एकही कलम पुरं करत नाही. तो वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, आणि डोकं दुखलं म्हणजे दाब वाढला असंही नाही. नानांचं डोकं मुलाशी बोलल्यावर दुखतं, त्याला कारण मुलगा.

शिवाय ॲम्लोडिपिन ही मुळातच संथ गोळी. घेतल्यावर रक्तात तिचं प्रमाण सर्वांत वर जायलाच 6 ते 12 तास लागतात. म्हणजे अकरा वाजता डोकं जड झालं म्हणून घेतलेली गोळी संध्याकाळी पाचनंतर कधीतरी भरात येणार. तोवर नानांचं डोकं चहानं उतरलेलं असतं आणि श्रेय गोळीला जातं. पुन्हा ती अंगातून निघतेही सावकाश. निम्मी निघायला 30 ते 50 तास. त्यामुळे रोज एक घेतली की कालची थोडी, परवाची थोडी अशी शिल्लक राहत जाते आणि सात-आठ दिवसांनी रक्तातली पातळी एका जागी स्थिर होते. दाब रात्रंदिवस आटोक्यात राहतो तो या स्थिर पातळीमुळे. चार तारखेला एक आणि नऊ तारखेला एक घेणाऱ्याची पातळी कधी जमतच नाही. 1-0-0 मधल्या त्या एकाचा अर्थ 'त्रास झाला तर सकाळी' असा नाही. त्रास होवो न होवो, रोज सकाळी.

हे सगळं मला कळलं ते आमच्या आतेबहिणीकडून. ती नानांची भाची, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. एवढं लांब नाव गावात कुणी घेत नाही, सगळे 'स्वाराती' म्हणतात. ती एका रविवारी मामाला भेटायला आली आणि सवयीनं बीपीचं यंत्र काढलं. नाना पाच मिनिटं गप्प बसले, जे त्यांना फार जड गेलं. आकडा आला 168 वर 98. तिनं पुन्हा मोजलं, फार फरक नाही. मग तिनं पट्टी मागितली. मुरलेली सिस्टर 'गोळी घेता का' असं विचारत नाही, पट्टी मोजते. चिठ्ठी महिन्याची, दिवस झालेले बावीस, आणि फोडलेल्या गोळ्या सात.

"मामा, पंधरा गोळ्या कुठं गेल्या?"

"शिल्लक आहेत. काटकसर केली."

तिनं कपाळाला हात लावला आणि संध्याकाळी परत येते म्हणून ड्युटीवर गेली. ती गेल्यावर नानांना चैन पडेना. हिशोब चुकल्याचं त्यांना मनापासून लागलं. मग त्यांनी हेडक्लार्कला सुचावा तोच उपाय केला. रजिस्टरात नोंद आहे: "थकबाकीपोटी 3 गोळ्या एकदम." पंधराची थकबाकी ते हप्त्यानं फेडणार होते. संध्याकाळी बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, दाराची चौकट धरली म्हणून पडले नाहीत. काकूंनी फोन केला. सिस्टर आली, दाब बराच उतरलेला. तिनं स्वारातीत नेऊन रात्रभर नजरेखाली ठेवलं, कारण ही गोळी सावकाश चढते, तेव्हा दाब अजून उतरणार की नाही हे लगेच सांगता येत नाही. सकाळी सगळं ठीक होतं. चुकलेली गोळी आठवली की घ्यावी, फार उशीर होऊन दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, पण दोन दिवसांच्या गोळ्या एकत्र कधी करू नयेत, हे तिनं मामाच्याच रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं. नानांना त्यातलं दुसरं काही नाही, लाल शाई लागली. लाल शाई फक्त प्राचार्य वापरायचे.

पण त्या रात्री वॉर्डात एक चांगली गोष्ट झाली. नानांना झोप येत नव्हती म्हणून त्यांनी स्वतःच्या खाटेला अडकवलेला औषधांचा तक्ता मागून घेतला आणि अभ्यासला. सकाळी भाचीला म्हणाले, "तुमचं रजिस्टर आमच्यापेक्षा बरंय. पण खाली चौकटी रिकाम्या कामून सोडल्यात?"

तिनं समजावलं ते मला फार आवडलं. वॉर्डातल्या तक्त्याला दोन भाग असतात. वरच्या भागात नेमानं द्यायची औषधं. दिवसातून तीनदा असेल तर सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10 अशा वेळा आधीच छापल्यासारख्या ठरलेल्या. त्या वेळेला औषध दिलं की सही. तिथे चौकट रिकामी राहिली तर ती चूक, आणि का राहिली याचं कारण लिहावं लागतं: उलटी झाली, उपाशी ठेवलंय, दाब फारच कमी निघाला. खालच्या भागात पीआरएनची औषधं. तिथे वेळा छापलेल्या नसतात. तिथे चौकट रिकामी असेल तर ती चांगली बातमी, पेशंटला त्रास झाला नाही. उलट औषध दिलं तर लिहावं लागतं: किती वाजता, कशासाठी, आणि तासाभरानं उतार पडला का. द्यायच्या आधी वर बघावं लागतं की मागचं कधी दिलं होतं. वेळ व्हायची असेल तर थांबावं लागतं.

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या रजिस्टरात रिकाम्या जागा उलट्या पडल्या." खरंच पडल्या होत्या. बीपीच्या रकान्यात कोऱ्या जागा आणि गुडघ्याच्या रकान्यात एकही कोरी नाही.

मग त्यांनी खिशातून आपली चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली आणि जुना मुद्दा पुन्हा मांडला. "आन् हे बघ. पीआरएन लिहिलाय, नंबर न्हाई."

मी हसण्याच्या तयारीत होतो. ती हसली नाही. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाली, "मामा, नंबर खरंच राहिलाय."

पीआरएन एवढंच लिहिलं तर ती सूचना अर्धी असते. कशासाठी घ्यायची, एका वेळी किती, दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी किती तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, एवढं आलं की ती पुरी होते. 1-0-0 ला हे वेगळं लिहावं लागत नाही. वेळ आणि संख्या दोन्ही त्यातच आहे. पीआरएनमध्ये वेळ पेशंटच्या हातात देतात, म्हणून कुंपण आकड्यांचं घालावं लागतं. वॉर्डात असा अर्धा आदेश आला तर सिस्टर डॉक्टरांना फोन करून विचारते. घरी आलेला पेशंट कुणाला विचारणार? तो मेडिकलवाल्याला विचारतो, आणि मेडिकलवाल्याच्या काउंटरवर त्याच वेळी सहा हात पुढे आलेले असतात. तो कात्रीनं पट्टी कापतो, पाकिटावर पेनानं दोन रेघा ओढतो, "सकाळ-संध्याकाळ" म्हणतो आणि पुढच्याचा हात धरतो. गरजेची गोळी नेमाची होते ती इथेच. पट्टीही अशी कापलेली की औषधाच्या नावाचा मागचा तुकडा आपल्याकडे आणि पुढचा दुकानात.

नानांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी मग नंबर टाकला. पॅरासिटामॉल 650, गुडघा दुखला तर, एका वेळी एक, दोन गोळ्यांत सहा तास, चोवीस तासांत तीनच्या वर नाही. नाना चिठ्ठी घेऊन दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा त्यांची मान अशी होती की बघणाऱ्याला वाटावं, विद्यापीठानं त्यांची हरकत मान्य केली.

आता हा तीनचा आकडा कशाला, याचा धडा पुढच्याच महिन्यात मिळाला. डिसेंबरात नानांना सर्दी झाली. शेजारच्या एका भल्या गृहस्थांनी सर्दीची पट्टी दिली, दिवसातून तीन. त्याच सुमाराला नाना मुकुंदराजाच्या समाधीची दरी उतरून-चढून आले, गुडघा सुजला. दुसऱ्या एका भल्या गृहस्थांनी त्यांच्याकडची 'भारी' गोळी दिली, सकाळी एक, रात्री एक. आणि नानांची स्वतःची 650 होतीच, दिवसाला तीन, नियमात बसवून. नानांच्या हिशोबानं तीन वेगवेगळी औषधं, तीन वेगवेगळ्या तक्रारी. आतेबहीण आली, तिनं तिन्ही पट्ट्या उलट्या करून मागची बारीक अक्षरं मोबाइलच्या उजेडात वाचली. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल 500. भारी गोळीत ॲसिक्लोफिनॅक 100 आणि बरोबर पॅरासिटामॉल 325. तिनं रजिस्टराच्या मागच्या पानावर बेरीज मांडली. 650 गुणिले 3 म्हणजे 1950. 500 गुणिले 3 म्हणजे 1500. 325 गुणिले 2 म्हणजे 650. एकूण 4100 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची वरची हद्द 4000. नानांचं वय आणि वजन बघता डॉक्टरांनी त्यांना घातलेली हद्द 1950.

या गोळीचा जास्तीचा मार यकृताला बसतो आणि पहिल्या दिवशी बहुधा काही कळतसुद्धा नाही. थोडी मळमळ, भूक नाही, एवढंच. कळेपर्यंत उशीर होतो. त्यामुळे 'त्रास झाला तर बंद करू' हा नानांचा नियम इथे लागू पडत नाही. तिनं त्यांना त्याच दिवशी तपासून आणलं, यकृताची रक्ततपासणी झाली, ठीक निघाली. त्या भारी गोळीची गोष्ट आणखी वेगळी. ॲसिक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, दाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पोटात जखम करू शकतात. बीपीच्या माणसानं त्या दुसऱ्याच्या पट्टीतून घ्यायच्या नसतात. म्हणजे नाना एका हातानं बीपीची गोळी टाळत होते आणि दुसऱ्या हातानं बीपी वाढवणारी घेत होते, तीही घड्याळ लावून.

हे लिहिताना एक गोष्ट टोचते. दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. तिथे उसाची मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईनं अंगदुखीची गोळी रोज घेतली तर तिला नानांच्या पंक्तीला बसवता येणार नाही. तिची गरज खरोखरच रोजची आहे आणि तिला कुणी चिठ्ठी लिहून दिलेली नाही. हसायचं ते आपण, घरात पंख्याखाली बसून घड्याळ बघणाऱ्यांवर.

नानांचा स्वभाव सुधारला का? छे. पण त्यांना एक नवीन काम मिळालं. भाचीनं त्यांच्या रजिस्टराचे रकाने बदलून दिले. गुडघ्याच्या गोळीपुढे आता वेळ, कारण, दुखणं दहापैकी किती, आणि तासानंतर किती. हे भरायचं म्हणजे गोळी घेण्याआधी गुडघ्याकडे बघावं लागतं. नानांनी पहिल्याच दिवशी आठाच्या टोल्याला गोळी हातावर घेतली, रजिस्टर उघडलं, 'कारण' या रकान्यापाशी अडले, बराच विचार केला आणि गोळी परत पट्टीशेजारी ठेवली. खोटं कारण रजिस्टरात लिहिणं त्यांना या जन्मी जमणार नाही.

तीन आठवड्यांचं रजिस्टर घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी खरंच वाचलं, कारण असं रजिस्टर त्यांनीही कधी बघितलं नसावं. एकूण अकरा गोळ्या. त्यातल्या नऊ जिना किंवा दरी चढल्याच्या दुसऱ्या सकाळी. मधले दिवस कोरे. यावरून डॉक्टरांनी मांडीचे दोन व्यायाम दिले आणि दरीच्या फेऱ्या कमी करायला सांगितल्या. गोळी पीआरएनच ठेवली. रोजच लागत असती, तर नुसतं गरजेपुरतं ठेवून भागलं नसतं, उपचारच बदलावा लागला असता, असंही म्हणाले. पीआरएनची गोळी रोज लागायला लागली तर गुपचूप रोज घेत राहायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नानांनी ते लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही मागितली. डॉक्टरांनी दिलीसुद्धा.

बीपीच्या गोळीचा प्रश्न सुटायला मात्र अडचण होती. तत्त्वाची. अर्जाशिवाय मंजुरी कशी? यावर तोडगा काकूंनी काढला. त्या म्हणाल्या, "पेन्शनला दर महिन्याला अर्ज करता का?" नाना चपापले. पेन्शनला अर्ज लागत नाही, पहिली तारीख आली की जमा होते. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी ॲम्लोडिपिन जाते आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात 'नियमित' असं लिहिलेलं असतं. परवाचा आकडा 134 वर 82 होता. पट्टी मोजली, बरोबर निघाली.

आता अंबाजोगाईत तुम्ही कधी मेडिकलच्या रांगेत उभे असाल आणि धोतर-टोपीतला एक म्हातारा मागून तुमच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "पावणं, चिठ्ठी दाखवा बरं, पीआरएन लिहिलाय का? नंबर टाकलाय का?", तर रागावू नका. चिठ्ठी दाखवा. नंबर राहिलेला असेल तर तसेच मागे फिरून डॉक्टरांकडून टाकून आणा. मात्र त्यापुढे त्यांनी खिशातून स्वतःची पट्टी काढून "ही घेऊन बघा, मला लई गुण आला" असं म्हटलं, तर हात जोडून नाही म्हणा. ते अजून सुटलेलं नाही.